वर्षाचे गुणोत्तर, सप्टेंबरची रोकड

छोट्या निर्यातदाराचा कर्जअर्ज शाखेत पोहोचतो तो बहुधा जाडजूड फायलीच्या रूपाने. वर एक पानी पत्र असते. त्याखाली सीएने तयार केलेले सीएमएचे तक्ते, तीन वर्षांचे ताळेबंद, पाच वर्षांचे अंदाज आणि शेवटी डीएससीआर असतो. पत्रात लिहिलेले असते, ‘आमच्या व्यवसायाची प्रगती लक्षात घेऊन कर्ज मंजूर करावे ही विनंती.’ अर्जदाराला वाटते, डीएससीआर दीडच्या वर आहे म्हणजे काम झाले. मॅनेजरलाही तसे वाटले, तर दोघेही फसण्याची शक्यता आहे. कारण हे गुणोत्तर पूर्ण वर्षाचे असते, आणि निर्यातदार अडकतो तो एखाद्या महिन्यात. पत्र, गुणोत्तरे आणि रोकडीचा अंदाज यांपैकी कोणता कागद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कुठे मौन पाळतो, याचा हा आढावा.

एक उदाहरण

सोलापूरच्या टेरी टॉवेलचे उदाहरण घेऊ. तिथल्या चादरीप्रमाणे टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि यंत्रमागावरचा हा माल देशाबाहेरही जातो. इथली पेढी कल्पित आहे आणि आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण त्यांची घडण अशा धंद्यात नेहमी दिसणारी आहे.

दोन भागीदारांची पेढी. वर्षाची निर्यात 3 कोटी 60 लाख. सूत, विणकाम, रंगाई, शिलाई, मजुरी, वीज, भाडे असा रोखीचा सगळा खर्च जाऊन 43 लाख उरतात. जुने माग काढून नवे घ्यायचे आहेत. त्याला 80 लाख लागतील. 20 लाख घरचे आणि 60 लाखांचे मुदत कर्ज हवे आहे. मुद्दल दरमहा 1 लाख, पाच वर्षांत फिटेल. व्याज 10 टक्के धरू. याशिवाय ऑर्डरचा माल तयार करण्यासाठी पॅकिंग क्रेडिट आणि माल जहाजावर चढल्यावर बिलावर मिळणारे कर्ज, अशी दोन्ही मिळून खेळत्या भांडवलाची मर्यादा हवी आहे.

म्हणजे अर्ज एकच असला तरी कर्जे दोन प्रकारची आहेत. मागांचे कर्ज नफ्यातून फिटणार. ऑर्डरचे कर्ज त्या ऑर्डरच्या वसुलीतून फिटणार. ही दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. अर्ज बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

डीएससीआर काय सांगतो

डीएससीआर हे मुदत कर्जाचे माप. करानंतरचा नफा, त्यात घसारा आणि मुदत कर्जाचे व्याज मिळवायचे. या बेरजेला त्या वर्षीच्या हप्त्यांच्या मुद्दल-व्याजाने भागायचे. घसारा मिळवायचा कारण तो वहीतला खर्च आहे, त्यापायी खिशातून पैसे जात नाहीत. व्याज मिळवायचे कारण नफा काढताना ते आधीच वजा झालेले असते आणि भाजकात ते पुन्हा येणारच आहे.

आपल्या पेढीचे पहिले वर्ष पाहू. 43 लाखांतून खेळत्या भांडवलाचे व्याज 6 लाख, मुदत कर्जाचे व्याज साडेपाच लाख आणि घसारा 12 लाख गेला. उरलेल्या साडेएकोणीस लाखांवर सुमारे 6 लाख कर. हाती साडेतेरा लाखांचा नफा. त्यात 12 आणि साडेपाच मिळवले की 31 लाख होतात. वर्षाची परतफेड मुद्दल 12 आणि व्याज साडेपाच, म्हणजे साडेसतरा लाख. भागाकार 1.77. अनेक बँका सरासरी दीडच्या आसपास आणि कोणत्याही एका वर्षी 1.2 च्या खाली जाऊ नये अशी अपेक्षा ठेवतात. त्या हिशेबाने पेढी उत्तीर्ण.

पण या भागाकारात एक मोठी रक्कम बहुधा दिसत नाही: भागीदारांची घरखर्चाची उचल. कंपनीत संचालकांचा पगार खर्चात येतो. भागीदारी आणि मालकीच्या धंद्यात मात्र बरीचशी उचल नफ्यानंतर, भांडवल खात्यातून होते. दोन्ही घरांना मिळून महिन्याला 50 हजार, वर्षाला 6 लाख धरले, तर 31 चे 25 होतात आणि गुणोत्तर 1.43 वर येते. मुलांच्या फी आणि घराचे हप्ते याच पैशातून जातात हे मॅनेजरला ठाऊक असते. पेढीने हा दुसरा आकडा स्वतःहून लिहिला, तर पहिल्यावरचा त्याचा विश्वास वाढतो.

व्याजाचे गुणोत्तर याहून सोपे आहे. घसारा वजा जाता 31 लाख, एकूण व्याज साडेअकरा लाख; म्हणजे सुमारे 2.7 पट. खेळत्या भांडवलाचे व्याज डीएससीआरच्या भाजकात नसते, इथे ते येते. तरीही दोन्ही गुणोत्तरे एकाच जातीची: वर्षाची बेरीज वर्षाच्या बेरजेशी भिडवणारी. पैसा कोणत्या तारखेला येतो, हे दोघांपैकी एकालाही माहीत नसते.

मर्यादा ठरवण्याच्या पद्धती

खेळते भांडवल किती द्यायचे, यावर आपल्याकडे पन्नास वर्षे विचार झाला आहे. 1974 साली नेमलेल्या टंडन समितीने तारणाऐवजी गरज मोजायला सांगितले: चालू मालमत्ता किती, त्यातली सूत-व्यापारी आणि इतर घेणेकऱ्यांच्या उधारीने किती भागते, आणि उरलेल्यात घरचा वाटा किती. लहान उद्योगांना हे तक्ते जड जात होते. त्यांच्यासाठी पी. आर. नायक समितीने 1992 च्या अहवालात सोपी वाट दाखवली. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या 25 टक्के ही गरज धरावी. त्यातले 5 टक्के घरचे आणि किमान 20 टक्के बँकेचे. पाच कोटींपर्यंतच्या मर्यादेला हीच पद्धत आजही प्रचलित आहे.

आपल्या पेढीला ती लावली तर गरज 90 लाख, घरचे 18, बँकेचे 72. पंचवीस टक्के म्हणजे तीन महिन्यांची उलाढाल, म्हणजे पैसा वर्षातून चारदा फिरतो हे गृहीत. आपल्या पेढीत सूत घेण्यापासून माल जहाजावर चढेपर्यंत दीड महिना जातो, आणि ग्राहक बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून 60 दिवसांनी पैसे देतो. चक्र साडेतीन महिन्यांचे झाले. महिन्याचा सरासरी रोख खर्च 26 लाखांच्या थोडा वर. साडेतीन महिन्यांचा 92 लाख. सूत्राच्या 90 लाखांशी तो जवळजवळ जुळतो, म्हणून फाईल इथेच मिटवावी असे दोघांनाही वाटते.

पण धंदा सरासरीने चालत नाही. युरोपातल्या दुकानांना नाताळच्या हंगामाचा माल शरद ऋतूत हवा असतो. त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जहाजावर चढणारा माल बाकी महिन्यांच्या दुप्पट-अडीचपट असतो.

महिन्यामहिन्याचा हिशेब

पेढीची एप्रिल आणि मे महिन्यांतली रवानगी प्रत्येकी 20 लाखांची, जूनची 25, जुलैची 35, ऑगस्ट आणि सप्टेंबरची प्रत्येकी 50, ऑक्टोबरची 40. नंतर ती उतरत जाऊन फेब्रुवारीत पुन्हा 20 वर येते. हिशेब सोपा राहावा म्हणून खर्च रवानगीच्या आदल्या महिन्यात आणि वसुली रवानगीनंतर दोन महिन्यांनी धरू.

जुलैत ऑगस्टच्या मालाचा 44 लाखांचा खर्च होतो, आणि हातात येतात ते मे महिन्यातल्या मालाचे 20 लाख. एका महिन्यात 24 लाखांची खोट. ऑगस्टमध्ये पुन्हा 44 लाख बाहेर, 25 लाख आत. सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजू जवळपास समान होतात, पण हप्ता, व्याज, घरची उचल आणि 15 सप्टेंबरचा आगाऊ कर वर असतोच. ऑक्टोबरपासून ऑगस्टच्या मालाचे पैसे येऊ लागतात आणि ओझे उतरते.

एप्रिलच्या सुरुवातीला बँकेचे 39 लाख वापरात होते असे धरले, तर जूनअखेर वापर 53 लाखांवर जातो. जुलैअखेर 79, ऑगस्टअखेर 101, सप्टेंबरअखेर 105, ऑक्टोबरअखेर 84. नोव्हेंबरअखेर तो 59 वर येतो आणि मार्चमध्ये 32 वर. बारा महिन्यांची सरासरी 58 लाख. म्हणूनच वर 6 लाखांचे व्याज धरले होते.

सरासरी वापर 58, मर्यादा 72, डीएससीआर 1.77. यातला एकही आकडा खोटा नाही. तरी जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने पेढीला मर्यादेपेक्षा जास्त पैसे लागतात, आणि सप्टेंबरमध्ये तर 33 लाख जास्त. मर्यादेबाहेर पैसे मिळत नाहीत. मग सूतवाल्याचे थकतात, नाहीतर अर्धी ऑर्डर सोडावी लागते. मॅनेजरने समजून घेऊन वाढीव उचल दिली, तरी खाते सलग 30 दिवसांहून अधिक काळ मर्यादेबाहेर राहिले की ते एसएमए-1 म्हणून नोंदले जाते आणि 90 दिवस उलटले की एनपीए वर्गात जाते. नफ्यातल्या पेढीचे खाते असे बिघडू शकते, आणि वार्षिक गुणोत्तर वाचून ते आधी कळत नाही.

दोन संकटे, दोन कागद

अंदाजाला ताण देऊन पाहिला की गुणोत्तर आणि रोकड यांतला फरक आणखी स्पष्ट होतो.

पहिला ताण भावाचा. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरचे आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा निर्यातदारांसमोर भाव उतरवण्याचा प्रश्न उभा राहिला. आपल्या पेढीने सगळ्या मालाचा भाव फक्त 5 टक्क्यांनी उतरवला असे समजू. खर्च तोच राहतो, म्हणून वर्षाचे 18 लाख सरळ नफ्यातून जातात. 43 चे 25 लाख उरतात. डीएससीआर 1.77 वरून 1.06 वर येतो. घरची उचल धरली तर 0.71, म्हणजे हप्ते भरायलाही पैसे कमी. व्याजाचे गुणोत्तर 2.7 वरून 1.1 वर. सप्टेंबरचा वापर मात्र 105 चा 112 होतो, एवढेच; कारण तोवर झालेली वसुलीच मोजकी असते.

दुसरा ताण उशिराचा. 40 टक्के माल घेणारा मोठा ग्राहक नेहमीच महिनाभर उशिरा पैसे देऊ लागला असे धरू. याचे कारण त्याची बेईमानीच असेल असे नाही. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे न्हावाशेवाहून युरोपला निघालेली अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. माल पोहोचल्यावर मुदत मोजणाऱ्या ग्राहकाचे पैसे तेवढेच लांबले. या उशिरामुळे व्याज वर्षाला सव्वा लाखाने वाढते आणि डीएससीआर 1.77 चा 1.72 होतो. कोणाच्या नजरेतही भरणार नाही. पण सप्टेंबरचा वापर 105 वरून 119 लाखांवर जातो.

म्हणजे भावाचे संकट गुणोत्तरात दिसते, रोकडीत फारसे नाही. उशिराचे संकट रोकडीत दिसते, गुणोत्तरात जवळजवळ नाहीच. एकच कागद जोडणारा अर्जदार दोनपैकी एका संकटाबद्दल गप्प राहतो. तक्त्यांत नेहमी दिसणारी ‘उलाढाल 10 टक्क्यांनी घटली तर’ ही चाचणी याला पुरत नाही. उलाढाल नगांनी घटली तर सूत आणि मजुरीही घटते. भावाने घटली तर काहीच घटत नाही. चाचणी कोणती लावली हे स्पष्ट लिहायला हवे.

मॅनेजर कुठे पडताळतो

अंदाज खरा की हवेतला, हे ताडायला मॅनेजरकडे आता बरीच साधने आहेत. जीएसटी विवरणातली निर्यात, खात्यात आलेली परकीय रक्कम आणि रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत उघडी राहिलेली शिपिंग बिले तो एकमेकांशी ताडून पाहतो. वसुली 60 दिवसांत होते असे पत्रात लिहिले आणि ईडीपीएमएसमध्ये 110 दिवसांनी मिटलेली बिले दिसली, तर पुढचे सगळे तक्ते निरर्थक ठरतात. म्हणून पत्र लिहिण्याआधी गेल्या वर्षीच्या प्रत्येक बिलाचे प्रत्यक्ष दिवस काढावेत आणि तेच अंदाजात वापरावेत.

जुन्या तक्त्यांची नक्कल करण्यातही धोका आहे. लघुउद्योगांच्या निर्यात कर्जावरची 3 टक्के व्याज सवलत देणारी समानीकरण योजना 31 डिसेंबर 2024 ला संपली. ती सवलत धरून चालवलेला अंदाज 58 लाखांच्या सरासरी वापरावर वर्षाला पावणेदोन लाख जास्त नफा दाखवतो. तसेच रोसक्टल आणि जीएसटीचा परतावा. वहीत ते माल गेल्याच्या दिवशी उत्पन्न किंवा येणे म्हणून चढतात. रोकडीच्या तक्त्यात मात्र ते हातात येतील त्या महिन्यातच चढवायला हवेत. डॉलर किंवा युरोचा दर आजचा धरू नये. वायदा करार केला असेल तर त्याचा, नसेल तर आजच्यापेक्षा थोडा कमी धरावा, आणि कोणता धरला ते लिहावे.

पत्रात काय असावे

इतके समजल्यावर पत्राचे काम ठरते. पत्राने गुणोत्तरे पुन्हा सांगायची नसतात. सर्वात अवघड महिना कोणता, तो का येतो आणि त्यातून कसे निघणार, हे सांगायचे असते. आपल्या पेढीला तीन उपाय उपलब्ध आहेत. निम्म्या ऑर्डरवर 20 टक्के रक्कम आगाऊ मागितली, तर सप्टेंबरचा 105 लाखांचा वापर 91 वर येतो. मोठा ग्राहक महिनाभर उशीर करू शकतो म्हणून 14 लाखांची सोय वेगळी ठेवली, तर मागणी पुन्हा 105 लाखांची होते; पण आता ती धक्का धरून केलेली मागणी असते. आणि ती वर्षभर लागत नाही, म्हणून हंगामापुरती वाढीव मर्यादा मागता येते. पत्राचा मुख्य मजकूर असा होईल:

‘मा. शाखा व्यवस्थापक साहेब,

माग खरेदीसाठी 60 लाखांचे मुदत कर्ज आणि निर्यातीसाठी 72 लाखांची खेळत्या भांडवलाची मर्यादा मिळावी, तसेच दरवर्षी 1 जुलै ते 15 नोव्हेंबर या काळात ही मर्यादा 105 लाख असावी, अशी विनंती आहे. पहिल्या वर्षीचा डीएससीआर 1.77 आहे, भागीदारांची उचल वजा केल्यास 1.43.

आमच्या रवानगीपैकी मोठा भाग ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत होतो. त्यामुळे सप्टेंबरअखेर आम्हाला सर्वाधिक रक्कम लागेल. महिनावार तक्ता सोबत जोडला आहे. तो गेल्या वर्षीच्या बिलांच्या प्रत्यक्ष वसुलीच्या दिवसांवर आधारित आहे. निम्म्या ऑर्डरवर 20 टक्के आगाऊ रक्कम मिळेल असे धरले आहे. तशा मान्य झालेल्या ऑर्डरच्या प्रती जोडल्या आहेत.

भाव 5 टक्क्यांनी उतरल्यास डीएससीआर 1.06 होईल. तसे झाल्यास भागीदार त्या वर्षी उचल निम्म्यावर आणतील आणि मागांपैकी अर्धेच आधी बसवून उरलेल्यांचे कर्ज पुढे ढकलतील. आमच्या प्रमुख ग्राहकावर ईसीजीसीचे संरक्षण घेतले आहे. 15 नोव्हेंबरला वापर 72 लाखांच्या आत आला नाही, तर त्या दिवशी कारण आणि थकलेल्या बिलांची यादी आम्ही स्वतः शाखेत देऊ.’

यातला 1.06 चा आकडा पाहून काही सीए अर्जदाराला अडवतील. पण हा आकडा मॅनेजर स्वतः काढू शकतो, आणि त्याने काढला तर त्यासोबत पेढीचा उपाय नसेल. ‘अर्धेच माग’ ही तयारी खरी असायला हवी. माग विकणाऱ्याने ऑर्डर टप्प्याटप्प्याने स्वीकारली असेल, तरच ती लिहावी.

याला मर्यादाही आहेत. ईसीजीसीचे संरक्षण ग्राहक बुडाल्यास नुकसानीचा मोठा हिस्सा भरून देते, पण दावा मिटेपर्यंतचे महिने पेढीलाच काढावे लागतात. तक्त्यातली 14 लाखांची सोय तिथे पुरणार नाही. हंगामी मर्यादेचा अधिकार शाखेकडे नसेल, तर फाईल विभागीय कार्यालयात जाते आणि दोन महिने सहज जातात. जुलैचे सूत घ्यायचे असेल, तर अर्ज एप्रिलमध्येच दिलेला बरा. आणि एकाच ग्राहकावर 40 टक्के माल असलेल्या पेढीचा धोका कोणत्याही तक्त्याने कमी होत नाही. तो फक्त दिसू लागतो.

मर्यादेचे नूतनीकरण दरवर्षी होते. त्या वेळी गेल्या वर्षीचा महिनावार अंदाज आणि प्रत्यक्ष वापर शेजारी शेजारी मांडून, जिथे फरक पडला तिथे एका ओळीत कारण लिहावे. दोन वर्षांचा असा कागद हाती असला की सप्टेंबरच्या 105 लाखांबद्दल मॅनेजरला पटवावे लागत नाही. बोलणे सुरू होते ते ग्राहकांनी आगाऊ रकमेचा हिस्सा किती वाढवला यावर.